दोह्याच्या हॉटेलात रिसेप्शनिस्टची मुलाखत अरबीतून: पूर्ण संवाद आणि कामाची वाक्यं

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरची, हॉटेल मॅनेजमेंट झालंय, पुण्यात दोन वर्षं फ्रंट ऑफिसला होते, अरबीचा डिप्लोमाही केलाय. दोह्यातल्या एका फोर स्टार हॉटेलची व्हिडिओ कॉलवर मुलाखत आहे, रिसेप्शनिस्टची पोस्ट, आणि अर्धी मुलाखत अरबीतून घेणार म्हणालेत. फुसहामधे, म्हणजे प्रमाण अरबीत, काय विचारतात, उत्तर कसं द्यायचं? जमलं तर संवादच लिहून द्या.

उत्तर:

देते की. मी दोह्यात बरीच वर्षं फ्रंट ऑफिसला काढली, शेवटी शेवटी मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसत होते, त्यामुळे समोरचा माणूस नक्की काय ऐकत असतो ते सांगते. व्याकरणाचे मार्क कुणी काढत नाही. दोन गोष्टी बघतात, समजलं नाही तर तू काय करतेस आणि चिडलेला गेस्ट समोर आला तर तुझ्या तोंडून अरबीत पहिलं काय निघतं. बाकी सगळं सीव्हीत असतंच.

आधी लिहिण्याबद्दल थोडं, कारण सगळं देवनागरीत लिहितेय. क़ म्हणजे घशातून येणारा क, ख़ आणि ग़ घसा खरवडून, ह़ म्हणजे घशातून जोरात येणारा ह, आणि जिथे ‘ असं चिन्ह आहे तिथे ऐन, घसा आवळून काढायचा. ‘थ’ आणि ‘ध’ला जीभ दातांच्या मधे, इंग्रजी ‘थँक्यू’ आणि ‘दिस’चे सुरुवातीचे आवाज असतात तसे. त, द, स यांचे जाड प्रकार मी वेगळे दाखवलेले नाहीत, ते तू डिप्लोमाला शिकलीच असशील.

आणि अजून एक, शब्दांच्या शेवटचे सगळे उ-अ-इ म्हणत बसू नकोस. वर्गात ‘अल्फ़ुन्दुक़ु कबीरुन्’ असं म्हणायची सवय लागते, ती मुलाखतीत बातम्या वाचल्यासारखी वाटते आणि मुख्य म्हणजे तुझा वेग मरतो. सुशिक्षित अरब माणूससुद्धा बोलताना ‘अल्फ़ुन्दुक़ कबीर’ असंच थांबतो. फक्त शुक्रन्, ‘अफ़्वन्, जिद्दन्, फ़ौरन्, नक़्दन् असल्या शब्दांचा ‘अन्’ ठेवायचा.

आता संवाद. समोर फ्रंट ऑफिस मॅनेजर आहे असं धर, बहुतेक वेळा जॉर्डन, लेबनॉन, इजिप्त किंवा सुदानचा माणूस असतो. व्हिडिओ कॉल आहे म्हणून सुरुवात आवाजापासूनच होते.

मॅनेजर: अस्सलामु ‘अलैकुम. हल् तस्म‘ईननी? (ऐकू येतंय का?)
तू: व‘अलैकुमुस्सलाम. न‘अम, अस्म‘उक बिवुदूह़. (हो, स्पष्ट येतंय.)
मॅनेजर: अह्लन् व सह्लन्. ह़द्दिथीनी ‘अन् नफ़्सिकि. (स्वतःबद्दल सांग.)
तू: शुक्रन् जज़ीलन्. इस्मी... (इथे नाव). अना मिनल् हिन्द, मिन् मदीनत कोल्हापूर. ह़सल्तु ‘अला शहादत् बकालूरियूस फ़ी इदारतिल् फ़नादिक़, व ‘अमिल्तु सनतैन फ़ी मक्तबिल् इस्तिक़्बाल, फ़ी फ़ुन्दुक़ फ़ी बूने. (हॉटेल मॅनेजमेंटची पदवी आहे, पुण्यातल्या हॉटेलात रिसेप्शनला दोन वर्षं काम केलं.)

पुण्याचं ‘बूने’ का केलं तर अरबीत प नाही. तू ‘पुणे’ म्हटलंस तरी चालतं पण समोरच्याला शब्द पटकन पकडता येत नाही आणि तो तिथेच अडकतो. पासपोर्टला तर सरळ ‘जवाज़ अस्सफ़र’च म्हण. आणि ‘सनतैन’ बघ, दोन वर्षांसाठी ‘इथ्नैन सनवात’ असं कधीही म्हणायचं नाही, दोनाला द्विवचन असतं, आकडा लागतच नाही. ही चूक लगेच कानाला लागते कारण वर्षांचा अनुभव हे सगळ्यात पहिलं वाक्य असतं.

मॅनेजर: मा हिय महाम्मुकि फ़ी ‘अमलिकिल् ह़ाली? (सध्याच्या नोकरीत तुझी कामं काय?)
तू: अस्तक़्बिलुन् नुज़ला, व उसज्जिल दुख़ूलहुम् व मुग़ादरतहुम्, व अरुद्दु ‘अलल् हातिफ़, व उ‘इद्दुल् फ़वातीर. (गेस्टचं स्वागत, चेक-इन, चेक-आउट, फोन घेणं, बिलं बनवणं.)

इथे चार क्रियापदं आहेत आणि चारही वर्तमानकाळातली. तू नोकरी सोडली असशील तर सुरुवातीला फक्त ‘कुन्तु’ लाव, ‘कुन्तु अस्तक़्बिल...’, की झालं, ‘करत होते’. वेगळा भूतकाळ पाठ करायला नको. हॉटेलात गेस्टला ‘नज़ील’ म्हणतात, अनेकवचन ‘नुज़ला’. ‘दैफ़’ म्हणजे पाहुणा, तोही चालतो, अनेकवचन ‘दुयूफ़’, पण रजिस्टरवर, सिस्टिमवर नज़ीलच दिसेल.

यानंतर कुठल्या भाषा येतात विचारतील, त्याचं उत्तर छोटं ठेव: अतकल्लम अल्हिन्दिय्या वल्माराथिय्या वल्इन्जलीज़िय्या, व मुस्तवाय फ़िल् ‘अरबिय्या मुतवस्सित. (माझं अरबी मध्यम आहे.) ‘जय्यिद जिद्दन्’ म्हणून स्वतःची पातळी फुगवून सांगू नकोस, कारण मग तो लगेच वेग वाढवतो.

वेग वाढला किंवा तो बोलीत घसरला की काय करायचं हे महत्त्वाचं. घसरतोच, कारण फुसहा कुणाचीच घरची भाषा नाही. लेबनॉन-जॉर्डनचा असेल तर ‘शू’ म्हणजे काय आणि ‘लेश’ म्हणजे का, इजिप्तचा असेल तर ‘ए’ म्हणजे काय आणि ‘लेह’ म्हणजे का, शिवाय त्याचा ज तुला ग ऐकू येईल, ‘हग्ज़’ म्हणाला तर तो ह़ज्ज़ म्हणजे बुकिंग. आखाती माणूस उलट क़ चा ग करतो. तू मात्र उत्तर फुसहामधेच दे. ऐकून ऐकून दोन शब्द इजिप्शियन, दोन आखाती असं मिसळायला गेलीस तर ते फार विचित्र वाटतं, आणि फुसहा सगळ्यांनाच समजते, सौदीच्या आजोबांनाही आणि मोरोक्कोच्या बिझनेसवाल्यालाही. समजलं नाही तर ही दोन वाक्यं जिभेवर तयार पाहिजेत:

‘अफ़्वन्, लम् अफ़्हम अस्सुआल. हल् युम्किन अन् तु‘ईदह? (माफ करा, प्रश्न समजला नाही, परत सांगाल का?)
हल् युम्किन अन् ततकल्लम बिबुत्, मिन् फ़द्लिक? (जरा हळू बोलाल का, प्लीज.)

कॉल तुटत असेल तर ‘अस्सौत यन्क़ति‘’, आवाज तुटतोय. हे विचारल्याने मार्क कमी होत नाहीत. मी ज्यांना नाकारलंय त्यातले बरेच जण प्रश्न न समजता ‘न‘अम, न‘अम’ करत होते, आणि काउंटरवर ‘न‘अम’ म्हणणं म्हणजे गेस्टला शब्द देणं. उद्या त्याने लेट चेक-आउट मागितलं आणि तू न समजता हो म्हणालीस तर दुपारी २ वाजता हाउसकीपिंग दारात आणि तो आत झोपलेला.

आता मुलाखतीचा मुख्य भाग. मॅनेजर अचानक स्वतःच गेस्ट बनतो.

मॅनेजर: तख़य्यली अन्नी नज़ील. वसल्तुस्सा‘अतल् ह़ादिया ‘अश्रा लैलन्, वल्ह़ज्ज़ ग़ैर मौजूद. माधा तक़ूलीन? (समज मी गेस्ट आहे, रात्री ११ला पोचलो आणि बुकिंगच नाहीये. काय म्हणशील?)
तू: अह्लन् बिक या सय्यिदी. अ‘तधिर ‘अन् हाधल् इज़‘आज. हल् युम्किन अन् अरा जवाज़ अस्सफ़र व रक़्मल् ह़ज्ज़? (या सर. झालेल्या त्रासाबद्दल माफी मागते. पासपोर्ट आणि बुकिंग नंबर बघू का?)
मॅनेजर: ह़जज़्तु ग़ुर्फ़ा मुज़्दविजा लिथलाथ लयाली! (तीन रात्रींसाठी डबल रूम बुक केली होती!)
तू: लह़्ज़ा वाह़िदा मिन् फ़द्लिक, स-अतह़क़्क़क़ फ़िन् निज़ाम. (एक मिनिट, सिस्टिममधे तपासते.) लम् अजिदिल् ह़ज्ज़ बिहाधल् इस्म. हल् ह़जज़्त बिइस्म आख़र, औ बिइस्मिश्शरिका? (या नावाने सापडत नाहीये. दुसऱ्या नावाने किंवा कंपनीच्या नावाने केलं होतं का?)
मॅनेजर: न‘अम, बिइस्मिश्शरिका. (हो, कंपनीच्या नावाने.)
तू: शुक्रन्, वजद्तुह. ग़ुर्फ़ा मुज़्दविजा, थलाथ लयाली, म‘अल् फ़ुतूर. हल् तुफ़द्दिलुद्दफ़्‘ नक़्दन् अम् बिल्बिताक़ा? (सापडलं. डबल रूम, तीन रात्री, नाश्त्यासकट. पैसे रोख देणार की कार्डाने?)
मॅनेजर: बिल्बिताक़ा.
तू: तफ़द्दल, हाधा मिफ़्ताह़ुल् ग़ुर्फ़ा. रक़्मुल् ग़ुर्फ़ा मक्तूब हुना. अल्फ़ुतूर मिनस्सा‘अतिस्सादिसा ह़त्तल् ‘आशिरा. अतमन्ना लक इक़ामा स‘ईदा. (ही घ्या चावी. रूम नंबर इथे लिहिलाय. नाश्ता ६ ते १०. मुक्काम छान होवो.)

‘रक़्मुल् ग़ुर्फ़ा मक्तूब हुना’ परत वाच. रूम नंबर तोंडाने बोलायचा नाही, की-कार्डच्या पाकिटावर लिहून बोट दाखवायचं, कारण लॉबीत अजून चार जण उभे असतात. हे तुला पुण्यातही शिकवलं असेलच, पण अरबीत बोलायच्या टेन्शनमधे मुलं हौसेने ‘ख़म्सुमिअ व सब्‘आ’ म्हणून ५०७ नंबर मोठ्याने सांगून टाकतात, आकडा बरोबर जमला म्हणून खूष होतात, आणि समोरचा मॅनेजर तिथेच कागदावर काहीतरी लिहितो.

याचाच दुसरा भाग विचारतात, तो तर हमखास. ‘सदीक़ी अह़्मद नाज़िल ‘इन्दकुम, फ़ी अय्यि ग़ुर्फ़ा?’ माझा मित्र अहमद तुमच्याकडे उतरलाय, कुठल्या रूममधे? उत्तर असं:

अ‘तधिर, ला अस्तती‘ इ‘ता रक़्मल् ग़ुर्फ़ा. इन् कान अह़दन्नुज़ला, युम्किनुनी अन् अत्तसिल बिग़ुर्फ़तिहि मिन् हुना. (माफ करा, रूम नंबर देता येत नाही. ते आमचे गेस्ट असतील तर मी इथून त्यांच्या रूमला फोन लावू शकते.)

‘इन् कान’, म्हणजे ‘जर असतील तर’. तो माणूस इथे उतरलाय की नाही हेही तू सांगितलेलं नाहीस. या एका वाक्यावर माझ्या बरोबरचे मॅनेजर मान डोलवायचे.

दिलगिरीबद्दलही सांगते. ‘अना आसिफ़ा’ (मुलगा असेल तर ‘आसिफ़’) हे बरोबर आहे, पण ते ‘सॉरी हं’च्या जवळ जातं. काउंटरवर ‘अ‘तधिर’ जास्त चांगलं. आणि ‘ला मुश्किला’, काही प्रॉब्लेम नाही, हे तक्रार करणाऱ्या गेस्टला कधीच म्हणायचं नाही, त्याच्यासाठी प्रॉब्लेम आहे म्हणून तर तो आलाय.

तक्रारीचा प्रश्न बहुतेक एसीचाच असतो, कारण दोह्यात उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो आणि एसी बंद म्हणजे गेस्ट पाच मिनिटात खाली.

मॅनेजर: अल्मुकय्यिफ़ ला य‘मल! (एसी चालत नाहीये!)
तू: अ‘तधिर या सय्यिदी. स-उर्सिल फ़न्नी अस्सियाना फ़ौरन्, व सयसिल ख़िलाल ‘अश्र दक़ाइक़. व इन् लम् युस्लह़, स-उग़य्यिर लकल् ग़ुर्फ़ा. (मेंटेनन्सचा माणूस लगेच पाठवते, दहा मिनिटात पोचेल. दुरुस्त नाही झाला तर रूम बदलून देते.)

तीन तुकडे आहेत, माफी, वेळ, आणि नाही जमलं तर पुढचं काय. शेवटी ‘इन् शा अल्लाह’ म्हणालीस तर उत्तमच, तिथे सगळेच म्हणतात, पण त्याआधी मिनिटं सांगितलेली पाहिजेत. नुसतं ‘इन् शा अल्लाह’ म्हणून सोडलं तर गेस्टला वाटतं टाळतेय.

वरती ‘थलाथ लयाली’ आणि ‘‘अश्र दक़ाइक़’ आलंय, आकड्यांचं लिंग उलटं असतं ते तू शिकली आहेस. हॉटेलात फार नाही लागत, रात्र (लैला), रूम (ग़ुर्फ़ा), मिनिट (दक़ीक़ा) हे तिन्ही स्त्रीलिंगी, म्हणून आकडा छोटा, थलाथ, अर्ब‘, ख़म्स. दिवस (यौम) आणि रियाल पुल्लिंगी, म्हणून थलाथत अय्याम, ख़म्सत रियालात. एवढं पाठ केलंस तरी रोजचं निभावतं. आणि वीसच्या पुढे आपल्याला तर सोपं आहे, अरबी आधी एकक सांगते मग दशक, ‘ख़म्सा व ‘इश्रून’, अगदी आपल्या पंचवीससारखं. इंग्रजीतून विचार केलास तर अडखळशील, मराठीतून कर.

उच्चाराचं म्हणशील तर क़ चा क झाला तरी निभतं, द-स जाड नाही झाले तरी संदर्भाने कळतं. पण दीर्घ-ऱ्हस्व आणि जोडाक्षर सोडू नकोस. ‘मतार’ म्हणजे एअरपोर्ट आणि ‘मतर’ म्हणजे पाऊस. ‘ह़म्माम’ म्हणजे बाथरूम आणि ‘ह़माम’ म्हणजे कबुतरं. गेस्टने एअरपोर्टला गाडी मागितली की ‘सय्यारा इलल् मतार’ मधला ता लांबवून म्हण. फोनवर रोज कर, स्वतःचं रेकॉर्ड करून ऐक, लगेच लक्षात येतं कुठे आखूड पडतंय.

समोरचा पुरुष आहे की बाई त्याप्रमाणे शेपूट बदलतं हे पण ध्यानात ठेव. पुरुषाला ‘लक’, ‘ग़ुर्फ़तुक’, बाईला ‘लकि’, ‘ग़ुर्फ़तुकि’, ‘या सय्यिदी’ ऐवजी ‘या सय्यिदती’, ‘तफ़द्दल’ ऐवजी ‘तफ़द्दली’. मॅनेजर तुला सगळं बाईचं रूप वापरून विचारेल आणि मुलं तेच रूप पोपटासारखं त्याला परत करतात, पुरुष मॅनेजरला ‘तफ़द्दली’ म्हणतात. मोठ्या माणसाशी आदराने बोलायचं तर ‘ह़द्रतुक’, बाईंना ‘ह़द्रतुकि’. मुलाखत घेणारे दोन-तीन असतील तर सगळ्यांना मिळून ‘लकुम्’. आणि स्वतःबद्दल बोलताना स्त्रीलिंग, ‘मुस्त‘इद्दा’ (तयार आहे), ‘मु‘तादा’ (सवय आहे).

मॅनेजर: हल् तस्तती‘ईनल् ‘अमल फ़िल् वर्दिय्यतिल् लैलिय्या? (नाइट शिफ्ट जमेल का?)
तू: न‘अम, ला मानि‘ लदय्य. अना मु‘तादा ‘अला निज़ामिल् वर्दिय्यात. (हो, काही हरकत नाही. शिफ्टची सवय आहे.)
मॅनेजर: व मा हिय नुक़ात द‘फ़िकि? (कमकुवत बाजू?)
तू: अल्लहजात स‘बा ‘अलय्य अह़्यानन्, लिधालिक अत्लुब मिनन्नज़ील अन् यतकल्लम बिबुत्, व अक्तुब तलबह. (बोली कधीकधी अवघड जातात, म्हणून मी गेस्टला हळू बोलायला सांगते आणि त्याचं म्हणणं लिहून घेते.)

‘मी परफेक्शनिस्ट आहे’ छापाचं उत्तर अरबीत अजूनच पोकळ वाटतं, वरचं उत्तर मात्र खरं आहे आणि त्यात उपायही आहे.

‘लिमाधा फ़ुन्दुक़ुना?’, आमचंच हॉटेल का, याला हॉटेल बघून उत्तर दे. दोह्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि सौदीहून अबू समरा बॉर्डर ओलांडून गाडीने कुटुंबंच्या कुटुंबं येतात, त्यामुळे फॅमिली हॉटेल असेल तर असं म्हणता येतं: अ‘रिफ़ अन्न फ़ुन्दुक़कुम् यस्तक़्बिल ‘आइलात ख़लीजिय्या, व उह़िब्बुत्त‘आमुल म‘अल् ‘आइलात. (तुमच्याकडे आखाती कुटुंबं येतात हे मला माहीत आहे आणि कुटुंबांशी बोलायला मला आवडतं.) मग तो पुढे विचारेल ते काय मागतात, तर ‘ग़ुरफ़ मुत्तसिला’, आतून दार असलेल्या शेजारच्या रूम, ‘सरीर इदाफ़ी’, जास्तीचा बेड, ‘इत्तिजाहुल् क़िब्ला’, नमाजाची दिशा, आणि रमजानमधे ‘सह़ूर’ किती वाजता. हे चार शब्द आले की तू काउंटरवर उभी राहिलेली आहेस हे त्याला कळतं.

शेवटी तो म्हणेल ‘हल् लदैकि अस्इला?’, काही विचारायचंय? ‘ला, शुक्रन्’ म्हणू नकोस. लाजायचं नाही, पगार विचारायचा, पण नीट:

तू: न‘अम. कमिर्रातिबुल् असासी, व हलिस्सकन वल्मुवासलात ‘अलल् फ़ुन्दुक़? (बेसिक पगार किती, आणि राहणं आणि येणं-जाणं हॉटेलकडे का?)
मॅनेजर: अर्रातिबुल् असासी अल्फ़ान व ख़म्सुमिअत रियाल, वस्सकन ‘अलल् फ़ुन्दुक़. (२५०० रियाल बेसिक, राहणं हॉटेलचं.)
तू: व कम् मुद्दतु फ़त्रतित्तज्रिबा? (प्रोबेशन किती दिवस?)

२५०० हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय. ‘असासी’ शब्द मात्र मुद्दाम. एजंट लोक एकूण पगार सांगतात, ‘इज्माली’, त्यात राहण्या-जेवण्याचे भत्ते घुसवलेले असतात. कतारच्या कायद्यात वर्ष पूर्ण झाल्यावर नोकरी संपताना दर वर्षामागे कमीत कमी तीन आठवड्यांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो आणि तो बेसिकवर धरतात. बेसिक २५०० असेल तर वर्षाला साधारण १७५० रियाल, आणि तेच एकूण २५०० मधे बेसिक फक्त १५०० असेल तर साधारण १०५०. एका वर्षात ७०० रियालचा फरक, चार वर्षं राहिलीस तर २८००. कमीत कमी पगाराची रेषा तिथे मार्च २०२१ पासून १००० रियाल बेसिक अशी आहे, राहणं मालकाने दिलं नाही तर वर ५०० आणि जेवण दिलं नाही तर ३००. पुण्यातला दोन वर्षांचा अनुभव आणि अरबी असताना त्या रेषेच्या आसपासची ऑफर घेऊ नकोस.

प्रोबेशन कायद्याने सहा महिन्यांच्या वर ठेवता येत नाही. कामाचे तास आठवड्याला ४८, रमजानमधे ३६, त्यावर ‘‘अमल इदाफ़ी’ म्हणजे ओव्हरटाइम. करार म्हणजे ‘‘अक़्द’, सोबत इंग्रजी भाषांतर असलं तरी वाद झाला तर अरबी मजकूर धरतात, म्हणून सही करताना अरबी कागदावर ‘अर्रातिबुल् असासी’ शोध आणि पुढचा आकडा इंग्रजी कागदाशी ताडून बघ, तुला तर वाचता येतंय. आकडे अरबी लिपीतले असतील, त्यात पाच हा आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता टिंब, तिथे घाई करू नकोस.

कधी जॉइन होणार विचारतील, ‘मता तस्तती‘ईन अन् तब्दई?’, तर ‘‘इन्दी फ़त्रत इश्‘आर, शह्र वाह़िद’, एक महिन्याचा नोटीस पिरियड आहे. लगेच येते म्हणून सांगू नकोस, आजची नोकरी अशी सोडणारी उद्या आपलीही सोडेल असा हिशोब ते करतात, शिवाय व्हिसा आणि मेडिकलला तेवढा वेळ जातोच.

कॉल संपवताना: शुक्रन् ‘अला वक़्तिकुम्, तशर्रफ़्तु बिलिक़ाइकुम्. मता अतवक़्क़‘उर्रद्द? (वेळ दिल्याबद्दल आभार, भेटून आनंद झाला. उत्तर कधीपर्यंत अपेक्षित धरू?) तो म्हणेल ‘स-नत्तसिल बिकि ख़िलाल उस्बू‘’, आठवड्याभरात फोन करू. मग ‘म‘अस्सलामा’ आणि कॅमेरा त्याने बंद करेपर्यंत तू बंद करू नकोस. आठवडा उलटला आणि काही आलं नाही तर एक छोटा मेल टाक, अरबीत दोन ओळी, ‘अकतुबु लिल्इस्तिफ़्सार ‘अन् नतीजतिल् मुक़ाबला’ म्हणजे मुलाखतीचा निकाल विचारायला लिहितेय, खाली तुझं नाव, पोस्टचं नाव ‘मुवज़्ज़फ़त् इस्तिक़्बाल’ आणि मुलाखतीची तारीख, बाकी इंग्रजीत चालेल.